तीन महिने छोटी छोटी यशं मिळवली, तरी मोठ्या कामाचं नाव काढलं की पोटात गोळा का येतो?

वाचकाचं पत्र

*नमस्कार ताई, मी ३१ वर्षांची आहे. एका कंपनीत रिपोर्ट बनवते, म्हणजे आकडे गोळा करायचे, एक्सेलमध्ये मांडायचे, महिन्याचा रिपोर्ट द्यायचा. सहा वर्षं हेच करतेय. आता सरांनी सांगितलंय की दोन महिन्यांनी क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन मीच द्यायचं, चाळीस मिनिटं आणि वर प्रश्नोत्तरं. असं काहीतरी येणार याची कुणकुण होतीच. म्हणून आत्मविश्वास वाढवायला मी गेले तीन महिने पहाटे उठणं, चालायला जाणं, कपाट आवरणं असं एकेक ठरवून करतेय, वहीत टिक करते, एकही दिवस चुकला नाही. पण प्रेझेंटेशनच्या बाबतीत काडीचा फरक नाही. टीम मीटिंगमध्ये दोनदा बोललेय, बरं झालं होतं, पण मैत्रीण शेजारी होती आणि मी लिहून नेलेलं वाचलं, ते काही खरं नाही. नवरा म्हणतो तुला आरामात जमेल. मला वाटतं सरांना सांगावं की आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बघू. काय करू?*

ताईचं उत्तर

तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं की या मुलीला कष्टाचा कंटाळा नाही, तिचे कष्ट फक्त भलत्या खात्यात जमा होतायत. छोटी यशं मिळवा, आत्मविश्वास वाढेल, हा सल्ला आजकाल सगळीकडे मिळतो आणि तो चूक आहे असंही नाही, पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो, तो म्हणजे कुठलं यश. पहाटे उठण्याचं यश तुला पहाटे उठण्याबद्दल सांगतं. क्लायंटने अडचणीचा प्रश्न विचारल्यावर तुझं काय होईल, याबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि तुझं मन एवढं भोळं नाही की टिका मोजून फसेल. म्हणजे तुझ्यात काही कमी आहे म्हणून फरक पडला नाही असं समजू नकोस. फरक पडायचं कारणच नव्हतं.

यामागचं थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळेल. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, १९७७ साली त्यांनी सेल्फ-एफिकसी ही कल्पना मांडली, म्हणजे 'हे अमुक काम मला करता येईल' असा माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज. आपण ज्याला ढोबळपणे आत्मविश्वास म्हणतो त्यापेक्षा हे वेगळं, कारण हा अंदाज प्रत्येक कामाचा वेगळा असतो. बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाची अतोनात भीती असलेल्या लोकांसोबत काम केलं होतं. त्या लोकांना त्यांनी 'तुम्ही धीट आहात का' असं मोघम विचारलंच नाही. एक लांबलचक यादी दिली, सापाच्या जवळ जाणं, हात लावणं, उचलणं, मांडीवर घेणं अशी, आणि प्रत्येकापुढे लिहायला सांगितलं की हे तुम्हाला जमेल याची खात्री किती. नंतर प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा ज्या पायरीवर खात्री होती ती बहुतेकांनी पार केली आणि जिथे नव्हती तिथे बहुतेक अडकले. एकाच माणसात, एकाच सापासमोर, पायरीपायरीला खात्री बदलत होती. तुझंही तेच आहे. तुझ्यात सरसकट आत्मविश्वास कमी आहे हे मला अजिबात पटत नाही, नाहीतर सहा वर्षं आकड्यांची जबाबदारी घेतली नसतीस.

टिकांची वही अगदीच फुकट गेली असंही मी म्हणणार नाही. ठरवलेलं काम तीन महिने न चुकवता करता येतं, हे त्यातून सिद्ध झालंय, आणि पुढचे दोन महिने सराव करायचा आहे त्यासाठी तेवढा भाग अगदी थेट कामाला येईल. पण तो सरावाचा पुरावा आहे, बोलण्याचा नाही.

आता त्या दोन मीटिंगा, ज्या तू एका वाक्यात निकालात काढल्यास. मला विचारशील तर अख्ख्या पत्रात तेवढ्याच दोन गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. लोकांसमोर बोललीस, विषय आकड्यांचाच होता आणि बरं झालं. तरी मनात जमा का झालं नाही? कारण श्रेय तू मैत्रिणीला आणि कागदाला देऊन टाकलंस. बांडुरांच्या मांडणीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे: यश नुसतं मिळून भागत नाही, ते कशामुळे मिळालं असं आपण समजतो त्यावर पुढची हिंमत ठरते. काम सोपं होतं, नशीब होतं, कुणीतरी सोबत होतं असं वाटलं तर यश येतं आणि तसंच निघून जातं, मागे काही ठेवत नाही. हुशार, काटेकोर माणसांना ही खोड जास्त असते असं माझं निरीक्षण आहे, चूक झाली की ती पूर्ण स्वतःची आणि नीट झालं की ते परिस्थितीचं.

पण तू म्हणतेस ते अर्धं बरोबरही आहे, ते मी नाकारत नाही. आधार होता हे खरंच आहे. सापाच्या भीतीवरच्या त्याच कामात लोकांना असेच आधार दिले जायचे, सुरुवातीला हातमोजे घालून हात लावा, थेरपिस्टने साप धरलाय तोवर लावा, अगदी थोडा वेळच लावा. यात कमीपणा कुणी मानला नाही, कारण आधाराशिवाय ती माणसं सापाजवळ गेलीच नसती आणि गेली नसती तर अनुभव कुठून आला असता. खरी गोम पुढे आहे. हे आधार एकेक करून काढून घेतले जायचे, आणि शेवटी माणसाला थोडा वेळ एकट्यालाच सापासोबत ठेवायचे, थेरपिस्ट बाजूला. यामुळे भीती जास्त पक्की गेली, नवीन सापासमोरही परत आली नाही, कारण आता 'त्यांनी धरलं होतं म्हणून जमलं' असं म्हणायला जागाच उरली नाही. तुझ्या दोन मीटिंगांमध्ये आधार घेतला हे योग्यच झालं, फक्त तिसरी मीटिंग झालीच नाही, जिथे मैत्रीण समोरच्या खुर्चीत बसली असती आणि चौथी, जिथे कागदावर पूर्ण वाक्यांऐवजी पाच शब्द असते. काम अर्धवट राहिलंय एवढंच.

तुझ्या पत्रातलं एक गृहीतक मला अजिबात मान्य नाही, 'आधी आत्मविश्वास येऊ दे, मग करते.' हा क्रम उलटा आहे. बांडुरांनी हा विश्वास येण्याचे चार मार्ग सांगितले, स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या कुणालातरी करताना बघणं, कुणीतरी भरवसा देणं आणि त्या वेळी आपलं शरीर काय सांगतंय ते. यात सगळ्यात जोरकस पहिला, स्वतः करून बघितलेला. म्हणजे तू ज्याची वाट बघतेयस ते वाट बघून येणाऱ्यातलं नाहीच. पण म्हणून एकदम चाळीस मिनिटांना उडी मार असंही मी सांगणार नाही, ती उडी फसली तर त्याचाही पुरावा मनात जमा होतो आणि सुरुवातीलाच मिळालेलं अपयश फार खोल बसतं.

मग करायचं काय. एक कागद घे आणि प्रेझेंटेशन नावाचा जो मोठा गोळा आहे तो फोडून लिही. प्रत्येक ओळीपुढे शून्य ते शंभर आकडा टाक. प्रश्न असा विचारायचा: आज, आत्ता मला हे करायला लावलं तर करता येईल याची खात्री किती? करावंसं वाटतं का किंवा करायला हवं का, हे प्रश्न यात मिसळू द्यायचे नाहीत. आणि आज म्हणजे आजच, दोन महिन्यांनी तयारी झाल्यावर नाही.

तुझं पत्र वाचून मी अंदाजाने भरून बघितलं, तुझे आकडे वेगळे येतील. समजा एका सहकाऱ्याला एक तक्ता पाच मिनिटं समजावून सांगणं, याला तू ९० देशील, हे तू रोजच करत असशील. तीन ओळखीच्या लोकांना दहा मिनिटं, लिहिलेलं हातात धरून, ८०. तेच, पण हातात फक्त मुद्दे, ५५. पूर्ण टीमसमोर पंधरा मिनिटं मुद्द्यांवरून, ४५. मध्येच कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत आहे, ४०. सरांसमोर चाळीस मिनिटांची पूर्ण रंगीत तालीम, ३०. प्रश्न आला आणि उत्तर माहीत नाही, १५. आणि प्रत्यक्ष क्लायंट, १०.

आता या आकड्यांकडे नीट बघ. चाळीस मिनिटांची तालीम ३० वर आहे आणि एक प्रश्न, ज्याला अर्धं मिनिट लागतं, तो १५ वर. म्हणजे भीती लांबीची नाही, बोलण्याचीही फारशी नाही, भीती आहे उघड्यावर अडकण्याची. तुझे आकडे असे आले तर भाषण पाठ करण्यात घालवलेला प्रत्येक तास थोडा वाया आहे, कारण ज्याला तू घाबरतेस त्याचा सराव होतच नाहीये. आणि आकडे वेगळे आले, म्हणजे समजा मुद्द्यांवरून बोलणंच २० वर निघालं, तर सुरुवात तिथून. हा कागद नेमका यासाठीच आहे, नाहीतर आपण 'मला स्टेजची भीती आहे' असं एक मोठं लेबल लावतो आणि त्या लेबलवर काम करता येत नाही.

कुठून सुरू करायचं? माझं मत असं की ५० ते ७० च्या आसपासची पायरी घ्यावी. ९० वालीला हात लावून काही नवीन कळत नाही, ते तुझ्या कपाट आवरण्यासारखंच, झालं तरी मन म्हणणार त्यात काय एवढं. १५ वाली आज घेतली तर बहुतेक फसेल. मधली घे, करून बघ, की वरच्यांचे आकडे थोडे सरकतात आणि मग जी ४० वर होती ती ५५ वर येते, ती घे.

इथे एक अभ्यास सांगावासा वाटतो, बांडुरा आणि डेल शंक यांचा, १९८१ चा. वजाबाकीत कच्ची असलेली लहान मुलं होती, त्यांना सात बैठकांत मिळून ४२ पानांचं साहित्य स्वतः सोडवायचं होतं. काही मुलांना सांगितलं की दर बैठकीत निदान सहा पानं करायची. काहींना सांगितलं की सातव्या बैठकीच्या शेवटी ४२ पानं व्हायला हवीत. हिशोब एकच आहे, सहा सत्ते बेचाळीस. पण जवळचं उद्दिष्ट मिळालेल्या मुलांची वजाबाकी जास्त सुधारली, आपल्याला जमतं हा विश्वास जास्त वाढला आणि ज्यांना आधी कंटाळा होता त्यांना गणितात रसही वाटायला लागला. लांबच्या उद्दिष्टाचा मात्र, काहीच उद्दिष्ट न देण्याच्या तुलनेत, म्हणावा असा फायदा दिसला नाही. मला यातून दिसतं ते असं की ४२ पानांच्या मुलाला पहिल्या दिवशी सहा पानं झाल्यावर ३६ उरलेली दिसतात, आणि सहा पानांच्या मुलाला आजचं काम झालेलं दिसतं. तू सध्या रोज उरलेली चाळीस मिनिटं बघतेयस.

आता त्या १५ वाल्या पायरीबद्दल थोडं सविस्तर, कारण तीच कळीची आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच सोडून देतात. टीममधली एक विश्वासातली व्यक्ती घे, ती मैत्रीणच घे हवं तर. तिला गेल्या महिन्याचा रिपोर्ट दे आणि सांग की यावर पाच प्रश्न काढ, मला आधी दाखवू नकोस, आणि त्यातले दोन असे असू देत की ज्यांचं उत्तर माझ्याकडे या घडीला नसणारच. मग उभी राहा आणि तिला विचारू दे. समजा तिने विचारलं, तिसऱ्या महिन्यात खर्च एकदम का वाढला? तुला वाढ माहीत आहे, कारण माहीत नाही. पहिल्या वेळी काय होईल ते मी जवळपास सांगू शकते, तू 'बहुतेक' म्हणून सुरू करशील आणि वाक्य लांबत जाईल, मध्येच आवाज खाली येईल आणि शेवटी एखादं कारण अंदाजाने ठोकून देशील. हीच फसल्याची खूण. आवाज थरथरला तर चालेल, पण अंदाज खपवला तर ती पायरी झालेली नाही.

त्याऐवजी असं म्हणून बघ: 'तुम्ही तिसऱ्या महिन्यातल्या वाढीबद्दल विचारताय. आकडा मी तपासलाय, तो बरोबर आहे. वाढ कुठल्या खर्चामुळे झाली याची फोड आत्ता माझ्याकडे नाही, उद्या दुपारपर्यंत मेल करते.' आधी प्रश्न आपल्या शब्दांत, मग जे पक्कं माहीत आहे ते, मग जे माहीत नाही ते सरळ, आणि शेवटी कधी सांगणार ते. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला खरंच मेल कर, सराव असला तरी. मेल गेला की पायरी पूर्ण, त्याआधी नाही. कारण तुझ्या मनाला जे शिकायचंय ते 'मला सगळं माहीत असतं' हे नाही, ते कधीच खरं होणार नाही, मनाला हे शिकायचंय की 'माहीत नसताना मी काय करते ते मला ठाऊक आहे'.

बांडुरांनी एक गोष्ट फार ठामपणे लिहिली आहे की ज्यांना फक्त सोपी यशं मिळतात त्यांना झटपट निकालाची सवय लागते आणि पहिल्याच अपयशाला ते खचतात, टिकाऊ विश्वास हवा तर अडचण यायला हवी आणि तिच्यातून बाहेर पडता यायला हवं. म्हणून मैत्रिणीला म्हणावं, जरा सांभाळून विचार वगैरे काही नको. पहिले दोन-तीन वेळा चांगल्या मनाने आणि मग थोडं अंगावर येऊन, मध्येच तोडून, 'हे पटत नाही' असं म्हणून.

प्रत्येक वेळेनंतर वहीत टिक करू नकोस, चार वाक्यं लिही. करण्याआधी किती आकडा दिला होता. प्रत्यक्षात काय झालं, जसं झालं तसं. कुठे अडलं आणि तिथे मी काय केलं. आणि आता तीच पायरी परत करायची तर आकडा किती. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण यशाचं श्रेय कुणाचं हे तिथे ठरतं. 'दुसऱ्या प्रश्नाला अडले, थांबले, प्रश्न परत सांगितला, मग सुचलं' असं लिहिलंस की त्यात मैत्रीण नाही, कागद नाही, नशीब नाही, तू आहेस. आधार घेतला असेल तर तोही लिही, लपवू नकोस, आणि पुढच्या वेळी कुठला काढणार ते लिही. एका वेळी एकच. कागद आणि मैत्रीण दोन्ही एकदम काढलेस आणि फसलं, तर कशामुळे फसलं ते कळणारच नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगते, काम प्रेझेंटेशनचंच असायला हवं असं नाही. कुणाला गाडी चालवायचीय, कुणाला बऱ्याच वर्षांनी परत अभ्यास करून परीक्षा द्यायचीय, कुणाला आजारपणानंतर परत जिने चढायचेत. फोडणी तीच. काम फोडायचं, आकडे टाकायचे, आकडा धपकन कुठे पडतो ते बघायचं, आणि मधल्या पायरीपासून आधार घेऊन सुरुवात करून आधार काढत जायचे. फरक एवढाच की ज्या कामात चूक झाली तर इजा होऊ शकते, तिथे शेजारचा शिकवणारा किंवा डॉक्टर सांगेल तेव्हाच आधार काढायचा, आपल्या आकड्यावर नाही.

तुझ्या नवऱ्याबद्दल. त्याचं म्हणणं प्रेमाचं आहे आणि मी ते हलकं करत नाही, पण 'आरामात जमेल' हे वाक्य तुला लागू पडत नाही कारण त्याने तुला ते करताना बघितलेलंच नाही. शब्दांचा आधार चालतो, पण त्यात काहीतरी पाहिलेलं असावं लागतं. त्याला समोर बसव, दहा मिनिटं बोल आणि विचार की नेमकं कुठे कळलं आणि कुठे सुटलं. मग 'तिसऱ्या तक्त्याला तू फार छान थांबलीस' असं जर तो म्हणाला, तर ते मनात राहतं. आणि 'आरामात' हा शब्द मात्र त्याला सोडायला सांग, कारण आरामात जमणाऱ्या गोष्टीत त्रास झाला की माणसाला वाटतं आपल्यातच खोट आहे.

बघून शिकायचं तर सरांना बघू नकोस. सर अनेक वर्षं करतायत, त्यांचं बघून तुला फक्त अंतर दिसेल. शंक यांनी मुलांवर केलेल्या एका अभ्यासात शिक्षकाला गणित सोडवताना बघण्यापेक्षा आपल्याच वयाच्या मुलाला ते शिकताना बघितल्यावर मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त वाढला होता. ऑफिसात कुणीतरी असेल जिने किंवा ज्याने वर्षभरापूर्वीच हे सुरू केलंय, अजून थोडं अडखळतं. त्यांच्या मीटिंगला बस, आणि चांगलं काय झालं ते सोड, अडखळल्यावर ते काय करतात तेवढं टिपून घे.

पोटातला गोळा आणि धडधड लगेच जाणार नाही. तिचा अर्थ 'मला जमत नाहीये' असा लावलास की खात्री खाली येते, खात्री खाली आली की धडधड वाढते, असं ते चक्र आहे. सरावाच्या चार वाक्यांमध्ये हवं तर हेही लिही की धडधड होती आणि तरी प्रश्नाचं उत्तर दिलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मनाला स्वतःच्याच अक्षरात वाचायला मिळू दे.

आता या सगळ्याच्या मर्यादा, कारण त्या न सांगता सोडणं मला बरं वाटत नाही. एक म्हणजे विश्वास कौशल्याची जागा घेत नाही. आकडेच नीट तपासलेले नसतील तर १०० ची खात्री घेऊन गेलीस तरी उघडं पडायला होईल. याच्या उलटा धोकाही आहे, जेफ्री व्हॅन्कुव्हर या संशोधकाने सहकाऱ्यांसोबत गुप्त संकेत ओळखायच्या एका खेळावर प्रयोग केले, आणि त्यांना दिसलं की त्याच माणसाचा 'मला येतंय' हा अंदाज वाढला की कधी कधी त्याचा पुढचा डाव बिघडतो, कारण अंदाज जास्त आणि काळजी कमी. यावर संशोधकांमध्ये बराच वाद झालाय. मला स्वतःला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की तयारीच्या काळात थोडी शंका असलेली बरी, ती कामाला लावते, आणि प्रत्यक्ष बोलायला उभं राहिलं की शंकेचं काम संपलेलं असावं. म्हणून सहाव्या आठवड्यात सगळे आकडे ८० च्या वर गेले तर सराव थांबवू नकोस, प्रश्न अवघड कर.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर. 'मला जमेल का' आणि 'जमलं तरी उपयोग होईल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बांडुरांनीही ते वेगळेच ठेवले होते. तुझ्या ऑफिसात 'माहीत नाही, उद्या सांगते' म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर झापतात का? तसं असेल तर तुझी भीती हा तुझ्या क्षमतेबद्दलचा चुकीचा अंदाज नाही, तो परिस्थितीचा बरोबर अंदाज आहे, आणि त्यावर शिडी चढून उपाय होणार नाही, त्यासाठी सरांशी बोलावं लागेल. पत्रात तसं काही दिसलं नाही, पण तू तपासून बघ. आणि ही भीती फक्त प्रेझेंटेशनपुरती नसेल, फोन घेणं, दुकानात काही विचारणं, लोकांत जेवणं इथपर्यंत पसरलेली असेल, झोप उडाली असेल, तर सदराच्या उत्तरावर भागवू नकोस, मानसोपचार करणाऱ्या व्यक्तीला भेट. असल्या भीतीवर चांगले उपचार आहेत आणि ते याच पायरीच्या पद्धतीने, पण हात धरून केले जातात.

सरांना काय सांगायचं? होकार दे, पण मोकळा होकार नको. त्यांना सांग की दोन महिन्यांत मी तयार होते, पण मधे मला दोन गोष्टी लागतील, टीम मीटिंगमध्ये दर आठवड्याला पंधरा मिनिटं आणि शेवटच्या आठवड्याआधी तुमच्यासमोर एक पूर्ण तालीम, ज्यात तुम्ही क्लायंट जसे विचारतात तसेच प्रश्न विचाराल. शक्य असेल तर हेही विचार की पहिल्या वेळी मधली वीस मिनिटं आणि त्या भागाचे प्रश्न माझ्याकडे, बाकी तुमच्याकडे, आणि पुढच्या तिमाहीला पूर्ण माझं. ही पळवाट नाही, तारीख ठरवून घेतलेला आधार आहे. फक्त ती पुढची तारीख त्याच बोलण्यात ठरवून घे, नाहीतर वीस मिनिटं कायमची होऊन बसतील आणि वर्षभराने परत म्हणशील की सर होते म्हणून जमलं.

नाही म्हणालीस तर काय होईल तेही सांगते. त्या दिवशी रात्री खूप मोकळं वाटेल. ते मोकळं वाटणंच मनाला सांगेल की टाळलं हे बरं झालं, आणि पुढच्या वेळी आकडा १० वरून ५ वर आलेला असेल, काहीही वाईट न घडता.

प्रेझेंटेशन झालं की त्याच संध्याकाळी, कुणाचा अभिप्राय ऐकायच्या आधी, तो पहिला कागद काढ आणि सगळ्या ओळींपुढे नवीन आकडे टाक. नीट गेलं असेल तर कुठल्या ओळी वर गेल्या ते दिसेल. नीट गेलं नसेल तर 'सगळंच बिघडलं' असं वाटत असेल, तेव्हा तर नक्की टाक, बहुतेक वेळा एक किंवा दोनच ओळी खाली आलेल्या असतात आणि बाकीच्या जागेवर असतात. ज्या ओळी खाली आल्या असतील त्या मला लिहून कळव.